समोरच्या खुर्चीचे आभार

सहा वर्षं घरी काढल्यावर ती पुन्हा कामावर रुजू झाली, तेव्हा तिला सगळ्यात जास्त धास्ती होती ती स्वतःच्या डोळ्यांची. चष्म्याचा नंबर वाढला होता, पण तो प्रश्न नव्हता. प्रश्न नजरेचा होता. पॅथॉलॉजिस्टचं सगळं काम नजरेवर चालतं. कुणाच्या तरी शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवतात, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढतात, गुलाबी-जांभळ्या रंगात बुडवतात आणि काचेवर चढवून पॅथॉलॉजिस्टसमोर ठेवतात. मग तिनं मायक्रोस्कोपमधून बघून सांगायचं, हा कॅन्सर आहे की नाही. त्यात 'बहुतेक' चालत नाही.

आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मुलगी जेमतेम रांगत होती. ती रजा घेऊन घरी बसली. रजेची वाढीव रजा झाली आणि वाढीव रजेचा राजीनामा झाला. आई गेली, मुलगी शाळेत जायला लागली आणि एक दिवस तिच्या जुन्या, आता दुसऱ्या इस्पितळात असलेल्या प्रमुखबाईंचा फोन आला.

"परत येतेस का?"

"बाई, मी सगळं विसरलेय."

"विसरली नाहीस, गंज चढलाय. गंज घासता येतो. ये तू."

प्रमुखबाई म्हणजे बोलायला फटकळ आणि आतून फणस. तिला थेट कामाच्या ढिगात ढकलायचं नाही, हे त्यांनी आधीच ठरवलेलं होतं. वैद्यकीय परिषदेची नोंदणी नव्यानं करणं, मधल्या वर्षांचं राहिलेलं प्रशिक्षण पुरं करणं, हे ओघानं आलंच. त्यानंतर पहिले काही आठवडे फक्त अर्धा दिवस, आणि तोही दुसऱ्याच्या शेजारी बसून नुसतं बघायचं. मग प्रत्येक केस आधी तिनं बघायची, मत लिहायचं आणि तीच काच दुसऱ्या डॉक्टरनं तिचं मत न वाचता बघायची. दोघांचं जुळलं तर ठीक, नाही जुळलं तर का नाही यावर बसून बोलायचं. रिपोर्टवर दोघांच्या सह्या. हे बराच काळ जुळत गेलं की मग निवडक केसेस तिच्या एकटीच्या नावावर. आणि सगळ्यात शेवटी ते काम, ज्यात रुग्ण ऑपरेशनच्या टेबलावर उघडा असतो, तुकडा गोठवून तपासतात आणि सर्जन फोन कानाला लावून उत्तराची वाट बघत उभा असतो.

ऑफिसातल्या साहेबांना हे पटत नव्हतं. "अर्धा दिवस काम आणि वर तिच्यावर नजर ठेवायला आणखी एक डॉक्टर? मग एखादा शिकाऊच घेऊ की."

"शिकाऊ माणसाला काय माहीत नाही हेच माहीत नसतं," प्रमुखबाई म्हणाल्या. "हिला ते पक्कं माहीत आहे. म्हणून ही लवकर तयार होईल."

सोबतीचा दुसरा डॉक्टर म्हणून ज्यांना नेमलं, त्यांना विभागात सगळे मुनी म्हणत. ते दिवसभरात मोजून चार वाक्यं बोलत, आणि त्यातली दोन चहाबद्दल असत. विभागातलं तिसरं माणूस म्हणजे तंत्रज्ञ काकू. मेणाच्या ठोकळ्यांचे काप काढण्यात काकूचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन शेजारच्या खोलीत आपलं यंत्र सुरू करायची.

पहिल्या आठवड्यात तिची फजितीच झाली. मधल्या काळात गाठींची नावं बदललेली, प्रतवारी बदललेली, नवे रंग आलेले. मुनी समोर बसले की तिला साधी गोष्टही सुचेना. शेवटी ती कंटाळून म्हणाली, "कुणी बघत असलं ना, की माझं डोकं बंद पडतं."

मुनींनी मान डोलावली.

त्यानंतर ती लवकर यायला लागली. मुलीची शाळेची बस गेली की थेट विभागात. काकू तिच्यासाठी जुन्या, निकाल माहीत असलेल्या काचांचे ट्रे काढून ठेवायची. मायक्रोस्कोपच्या खोलीचे पडदे ओढलेले असत, प्रतिमा स्पष्ट दिसावी म्हणून. तिथला मोठा मायक्रोस्कोप दोन डोक्यांचा होता. टेबलाच्या अलीकडे एकानं बसायचं, पलीकडे दुसऱ्यानं, आणि दोघांना एकच चित्र दिसायचं. त्या चित्रात एक बारीक हिरवा बाण असतो, उजेडाचा. तो फिरवायची छोटी दांडी मधल्या नळीवर बसवलेली, दोन्हीकडून हात पोचेल अशी. 'इथे बघ' असं बोटानं दाखवता येत नाही, म्हणून बाणानं दाखवायचं.

त्या सकाळी ती एका लसिकाग्रंथीच्या काचेवर अडली होती. गाठीत कॅन्सर पोचलाय की नाही, एवढंच सांगायचं होतं. तिला तर अख्खी गाठ रोगमुक्त दिसत होती, तरी खात्री वाटेना. तेवढ्यात टेबलानं किंचित वजन घेतलं. समोरची खुर्ची करकरली. आणि चित्राच्या कडेनं हिरवा बाण आत आला.

तिनं मान वर केली नाही. कानशिलं तापली, पण तिला वाटलं, मुनींनी ऐकलं होतं तर. कुणी बघत असलं की सुचत नाही असं मी म्हणाले, म्हणून बिचारे न बोलता येऊन बसलेत. आता मान वर केली तर त्यांनाही अवघडल्यासारखं होईल.

बाण सावकाश ग्रंथीच्या काठाकडे सरकला. अगदी आवरणाखालच्या चिंचोळ्या फटीशी येऊन थबकला आणि दोनदा हलकेच हलला, दारावर टिचकी मारावी तसा. तिनं भिंग वाढवलं. फटीत चारपाच पेशी एकमेकींना बिलगून बसल्या होत्या. मोठ्या, काळपट, बाकीच्यांत न शोभणाऱ्या. कॅन्सर पोचला होता.

"अगं बाई," ती पुटपुटली. "थँक्यू."

उत्तर आलं नाही. थोड्या वेळानं तिनं डोळे वर केले तेव्हा समोर कुणी नव्हतं. खुर्ची मात्र पार वरपर्यंत चढवलेली होती, बुटक्या माणसाला लागते तशी. मुनी चांगले ताडमाड होते. पण खुर्च्या काय, कुणीही फिरवतं.

मग हे रोजचंच झालं. दर सकाळी नाही, पण ती खरंच अडली की हमखास. वजन, करकर, बाण. बाण कधी उत्तर सांगायचा नाही, फक्त ती जिथे बघायला विसरली असेल तिथे नेऊन उभा राहायचा आणि दोन टिचक्या मारायचा. हळूहळू तिची नजर स्वतःच आधी काठांकडे, फटींकडे, कोपऱ्यांकडे जायला लागली. कधीतरी नळीच्या वरून तिला पांढऱ्या कोटाच्या बाहीची कड दिसायची. बाही मनगटावर दुमडलेली असायची. खोलीत गारवा यायचा, पण काचा रंगवायच्या खोलीतला पंखा तिकडेच तोंड करून होता.

दुपारी मुनींबरोबर रीतसर बसायची तेव्हा त्यांचा बाण निराळाच चाले. ते बोलत नसले तरी त्यांचा बाण बडबड्या होता. गोल गोल फिरायचा, पेशींना वेढे घालायचा. सकाळचा बाण संयमी. हे तिच्या लक्षात आलं होतं. पण माणूस सकाळी वेगळा असतो, दुपारी वेगळा, असं तिनं स्वतःला समजावलं. समजावलं असं म्हणण्यापेक्षा विषय झटकून टाकला. हातात आलेली मदत उलटून पालटून बघू नये, ती आटते, असं काहीसं तिला वाटत होतं.

महिने गेले. दोघांची मतं जुळत गेली, मग नेहमीच जुळायला लागली. एकदा तर तिचंच बरोबर निघालं आणि मुनींनी आपलं मत खोडलं. गोठवलेल्या तुकड्यांचीही परीक्षा पार पडली. एक दिवस प्रमुखबाई म्हणाल्या, "सोमवारपासून तुझ्या रिपोर्टवर तुझी एकटीची सही. आता आमचा पिच्छा सोड."

शुक्रवारी दुपारी तिनं बैठकीच्या खोलीत चहा आणि केक मांडला. माणसं तीनच. तिला भाषण करायचं नव्हतं, पण न बोलता राहवणार नव्हतं.

"बाई, तुम्ही माझ्यासाठी साहेबांशी भांडलात हे मला दुसऱ्यांकडून कळलं. त्याहून मोठं म्हणजे, तुम्ही मला सोप्या केसेस देऊन मन राखलं नाहीत. अवघड दिल्यात आणि पाठीशी उभ्या राहिलात. नाहीतर मी कायमची अर्धवट राहिले असते."

"केक काप," प्रमुखबाई म्हणाल्या. त्यांना कौतुक सोसत नसे.

"काकू, मी एखाद्या काचेवर अडले की न सांगता तुम्ही त्याच ठोकळ्याचा आणखी खोल काप काढून आणून ठेवायचात. आणि मी नव्या रंगांची नावं तीन-तीनदा विचारली, ती कुणाला कळू दिली नाहीत."

"आता तुम्हीच सांगितलीत की," काकू म्हणाली, आणि सगळे हसले.

"आणि सर." ती मुनींकडे वळली. "तुम्ही एका अक्षरानं कधी बोलला नाहीत, म्हणून मीही नाही. पण आज बोलते. त्या सकाळच्या वेळा नसत्या ना, तर मी दुसऱ्याच महिन्यात घरी गेले असते. न बोलता समोर येऊन बसायचं, चूक दाखवायची पण लाज वाटू द्यायची नाही, हे कुणी कुणासाठी करत नाही."

मुनींनी कप खाली ठेवला. "सकाळच्या?"

"लवकर येऊन बसायचात ते."

प्रमुखबाई खळखळून हसल्या. "हा? लवकर? अगं, याची सकाळ आपल्या जेवणाच्या सुट्टीला होते!"

मुनी मात्र हसले नाहीत. "आईचं सगळं आवरून मला निघायलाच उशीर होतो," ते म्हणाले. "सगळे आल्याशिवाय मी कधीच आलेलो नाही. तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी बघितलं असेल."

"बघितलं नाही," ती म्हणाली. "मी कधी मान वर केली नाही."

काकूनं हातातली बशी खाली ठेवली. "मी शेजारीच असते," ती हळूच म्हणाली. "मधलं दार उघडं असतं. डॉक्टर 'थँक्यू' म्हणायच्या, ते ऐकू यायचं. मला वाटायचं, एकट्याच बोलतात, सवय असेल. पण पॅसेजमधून कुणी आत गेलेलं मी तर कधी पाहिलं नाही."

मुनींनी विचारलं, "बाण कसा फिरायचा?"

"सावकाश. जागेवर आला की दोनदा हलायचा."

"टिचकी मारल्यासारखा?"

"हो."

मुनींनी प्रमुखबाईंकडे पाहिलं. प्रमुखबाई उठल्या, दार लावून आल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

"तुझ्या आधी इथे एकजण होती. आम्ही तिला चिंगी म्हणायचो. एवढीशी होती, खुर्ची वर केल्याशिवाय तिला दिसायचं नाही. कोटाची बाहीसुद्धा दुमडायला लागायची. बाणानं काही दाखवलं की दोनदा टिचकी मारायची तिची सवय. ती आणि हा एकाच वर्गातली. जुळं झालं म्हणून ती घरी बसली, तुझ्यासारखीच. मग परत यायचं म्हणाली, तर साहेबांनी दारातच अडवलं, अशी सोयच नाही म्हणून. तर तिनंच सोय आखली. अर्धा दिवस, समोर दुसरा डॉक्टर, दोन सह्या, हे सगळं तिच्या डोक्यातलं. मी नुसती भांडले. साहेब दोनदा नाही म्हणाले. मंजुरी नव्हती तोवर ती सकाळी, कुणी यायच्या आत, गुपचूप येऊन जुन्या काचा बघायची. नजर मरू नये म्हणून."

"चावी मीच द्यायचे," काकू म्हणाली.

"शेवटी मंजुरी आली. सोमवारी रुजू व्हायची होती. रविवारी सकाळी डोकं दुखतंय म्हणाली आणि कोसळली. मेंदूत रक्तस्राव. दवाखान्यात पोचलीच नाही." प्रमुखबाईंनी नाक ओढलं. "ती मंजूर झालेली जागा मी सोडली नाही. तुला फोन केला. तुझ्यासाठी केलं म्हणतेस ना, ते सगळं तिच्यासाठी केलेलं होतं. आम्ही फक्त माणूस बदललं."

"मला सांगितलं का नाही?"

"मेलेल्या बाईच्या जागेवर बसवलंय, असं तुला वाटलं असतं. आधीच तुझा जीव मुठीत होता."

ती शनिवार-रविवार नीट झोपली नाही. भीती वाटत होती, हे खोटं नाही. मुलीनं मागून येऊन गळ्यात हात टाकले तरी ती दचकली. पण भीतीच्या तळाशी दुसरंच काहीतरी बोचत होतं. आपण जे आभार मानले, ते चुकीच्या पत्त्यावर गेले.

सोमवारी ती नेहमीसारखी लवकर पोचली, तर दाराशी मुनी उभे. आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांच्या आधी. डोळे सुजलेले.

"शेजाऱ्यांना आईजवळ बसवून आलो," ते म्हणाले. "एकट्या बसू नका."

पडदे ओढलेले होते. ट्रेमध्ये त्या दिवसाच्या खऱ्या केसेस होत्या, तिच्या एकटीच्या सहीच्या. ती अलीकडे बसली, मुनी पलीकडे. खुर्ची आज खालीच होती. शेजारून काकूच्या यंत्राचा एकसारखा आवाज येत होता.

पहिली काच जठराच्या बायॉप्सीची होती. ॲसिडिटीची जुनी तक्रार असलेला माणूस, बहुधा साधी सूज. ग्रंथी ओळीत, नेटक्या. ती कमी भिंगावर अख्खा तुकडा फिरून आली. मग कोपऱ्याशी तिचा हात आपोआप थांबला. दोन ग्रंथींच्या मधल्या जागेत काहीतरी बरोबर नव्हतं. तिनं भिंग वाढवलं. चार-दोन पेशी, फुगलेल्या, फिकट, आणि त्यांचं केंद्र एका कडेला चेपलेलं, अंगठीतल्या खड्यासारखं. वरून साधी दिसणारी, पण जठराच्या कॅन्सरची सगळ्यात लबाड जात. घाईत बघणारा हमखास पुढे जातो.

त्याच वेळी खोलीत गारवा आला, आणि हिरवा बाण चित्रात शिरला.

शोधत फिरला नाही. सरळ आला, ती जिथे थांबली होती तिथेच येऊन उभा राहिला आणि दोनदा हलला.

"बरोबर, मलाही तेच वाटतं सर," ती म्हणाली. "अंगठीच्या पेशी."

"हो," मुनींचा आवाज आला. "बाण नेमका ठेवलात."

तिनं मान वर केली. मुनींनीही केली. तिचे दोन्ही हात काच सरकवायच्या चाकांवर होते. मुनींचे दोन्ही हात मांडीवर होते, घडी घातलेले. मधल्या नळीवरची दांडी मात्र अजून किंचित थरथरत होती.

मग मुनींनी ओठ ओले केले आणि तिच्या खांद्याच्या जरा बाजूला, रिकाम्या जागेकडे बघत इतक्या हळू बोलले की तिला जेमतेम ऐकू आलं.

"चिंगे, बघितलंस ना? तिनं आधी पाहिलं. तू नंतर आलीस."

शेजारचं यंत्र थांबलं होतं. काकू दारात उभी होती, हाताची बोटं मेणानं पांढरी.

ती खुर्चीतून पुढे वाकली आणि बोलली. बोलणं भागच होतं. "शुक्रवारी मी सगळ्यांचे आभार मानले आणि तुमचे राहिले. मला ठाऊकच नव्हतं. तुम्ही आखलेल्या वाटेनं मी आले. तुम्हाला पाय ठेवायला मिळाला नाही, आणि तरी रोज येऊन मला हात दिलात. मी तुमची आभारी आहे. मनापासून."

तिनं पुन्हा डोळे भिंगाला लावले. का कोण जाणे, तिला वाटलं, तिकडेच बघून बोलायला हवं. बाण अजून तिथेच होता. काही क्षण त्यानं काही केलं नाही. मग तो सावकाश मागे सरला, ग्रंथींच्या ओळीवरून, तुकड्याच्या काठावरून, काचेवरच्या रिकाम्या पांढऱ्या उजेडात गेला आणि चित्राच्या कडेबाहेर निघून गेला. टेबलावरचं वजन उतरल्याचं दोघांनाही जाणवलं.

मुनी बराच वेळ रुमालात तोंड खुपसून बसले होते. काकूनं कुणाला काही न विचारता त्याच ठोकळ्याचे आणखी काप काढले. खास रंग दिल्यावर पेशींतला चिकट स्राव गडद किरमिजी उठून आला, संशयाला जागा उरली नाही. तिनं त्या माणसाच्या डॉक्टरला फोन लावला. आजार अगदी कोवळ्या अवस्थेत सापडला होता, म्हणून पुढे त्या माणसाचं निभावलं. रिपोर्टवर तिची एकटीची सही होती. सकाळी पुन्हा कधी खुर्ची करकरली नाही. सुरुवातीला तिला हायसं वाटलं, आणि नंतर फार एकटं.

काही दिवसांनी, एका सुट्टीच्या दुपारी, ती चिंगीच्या घरी गेली. पत्ता मुनींनी दिला. चिंगीच्या नवऱ्यानं दार उघडलं. आतल्या खोलीत जुळ्या मुली कशावरून तरी कडाकडा भांडत होत्या. तिनं ओळख सांगितली, चिंगीच्या खटपटीमुळे आपण परत कामाला लागलो, एवढंच सांगायला आले म्हणाली. बाकीचं सांगायचं नाही, असं तिनं ठरवून ठेवलं होतं.

तो सभ्य माणूस होता. पाणी दिलं, मुलींना दटावलं, मग समोर बसून गुडघ्यावरची सुरकुती सरळ करत राहिला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "शेवटच्या रात्रीसुद्धा तिचं तेच चाललं होतं. एवढ्या वर्षांनी जमेल का रे मला? नजर राहिली असेल का? मी म्हटलं, जमेल गं. पण मला काय कळतं त्यातलं. मी आपलं तोंडदेखलं म्हणालो. तुम्ही त्यातल्या आहात. तुम्हाला काय वाटतं, जमलं असतं तिला?"

"जमलं असतं काय," ती म्हणाली. "तिची नजर माझ्याहून किती तरी चांगली आहे."

आपण काय बोललो हे तिच्या उशिरा लक्षात आलं. ती 'होती' म्हणणार होती. पण तिनं ते दुरुस्त केलं नाही. तो तिच्याकडे बघत राहिला, त्याच्या हातावरचे केस उभे राहिलेले तिला दिसले. आतलं भांडण थांबलं होतं.

"आहे?" त्यानं विचारलं.

तिनं हो अशी मान हलवली. त्यानं तोंडावरून हात फिरवला, आणि मुलींना बाहेर बोलावलं, पाहुण्या मावशीला भेटायला.